फ्लोअर आणि बॉक्स पझल: फुलीचा तक्ता घ्यावा की जागेचा?

बँकेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना फ्लोअर पझल म्हणजे काय हे सांगायला नको. सहा-सात माणसं, तितकेच मजले, प्रत्येकाचा वेगळा वार आणि वर एखादा रंग किंवा शहर. आधी कागदावर काय आखायचं, एवढंच ठरवायचं असतं. बहुतेक प्रिलिम्सला रिझनिंगला २० मिनिटं असतात. पझल स्क्रीनवर आणि आकडेमोड रफ कागदावर, तीही पेनाने. खोडायची सोय नाही, म्हणून पहिली आखणी चुकली की पुढचं सगळंच अडतं.

दोन आखण्या सगळीकडे शिकवल्या जातात. पहिली फुलीची: एका बाजूला नावं, दुसऱ्या बाजूला मजले, शेजारी वारांचा चौकोन, जे शक्य नाही तिथे फुली आणि जे नक्की तिथे बरोबरची खूण. दुसरी जागेची: डावीकडे मजल्यांचे आकडे खालून वर लिहायचे, शेजारी केसचे उभे रकाने पाडायचे आणि माणसं, वार थेट त्यांच्या जागी बसवायचे. मी दोन्ही भरपूर वापरल्या आहेत आणि शेवटी एकीवर स्थिरावलो. कोणती ते पुढे कळेलच, पण आधी दोघींना एकच पझल देऊन बघू.

सहा मजली इमारत, सर्वात खालचा मजला १. अमोल, भारती, चेतन, दीपा, एकनाथ आणि फिरोज एकेका मजल्यावर राहतात आणि सोमवार ते शनिवार वेगवेगळ्या वारी पोहायला जातात. अटी अशा:

१. अमोल विषम मजल्यावर राहतो. त्याच्या आणि भारतीच्या मध्ये दोन मजले आहेत.
२. भारती मंगळवारी जाते. तिच्या लगेच वर शुक्रवारी जाणारी व्यक्ती राहते.
३. शुक्रवारी जाणारी व्यक्ती आणि चेतन यांच्या मध्ये दोन मजले आहेत.
४. चेतनच्या वर जितके लोक राहतात तितकेच एकनाथच्या खाली राहतात.
५. एकनाथ दीपाच्या आदल्या दिवशी जातो.
६. फिरोज दीपाच्या लगेच वर राहतो.
७. चेतन फिरोजनंतर, पण अमोलच्या आधी जातो.

फुलीच्या तक्त्यात सुरुवात छान होते. अमोलच्या ओळीत २, ४, ६ ला फुली. मध्ये दोन मजले म्हणजे फरक तीनचा, म्हणून भारती सम मजल्यावर. तिच्या १, ३, ५ ला फुली. तिच्या वर कोणी तरी राहतं, तेव्हा सहावा मजलाही गेला. भारती सहाव्यावर नाही म्हणजे अमोल तिसऱ्यावर नाही. आता अमोल १ किंवा ५, भारती २ किंवा ४, शुक्रवार ३ किंवा ५. तिसऱ्या अटीने चेतन २ किंवा ६, चौथीने एकनाथ १ किंवा ५. फुल्या पटापट पडत जातात आणि काम पुढे सरकल्यासारखं वाटतं.

पण तक्त्याला एक गोष्ट माहीत नाही. अमोल पहिल्यावर असेल तर भारती चौथ्यावर, शुक्रवार पाचव्यावर, चेतन दुसऱ्यावर आणि एकनाथ पाचव्यावरच हवा. अमोल पाचव्यावर असेल तर हे पाचही एकदम बदलतात. ही साखळी लिहायला फुलीच्या तक्त्यात जागाच नाही. त्यात दिसतात ते फक्त रिकामे चौकोन, प्रत्येकाचे दोन-दोन, एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे. आता सहावी अट घ्या. अमोल आणि एकनाथ यांनी १ आणि ५ व्यापले, उरले २, ३, ४, ६. दीपा दुसऱ्यावर आणि फिरोज तिसऱ्यावर ठेवला तर भारती चौथ्यावर आणि चेतन सहाव्यावर जातो, आणि तक्ता कुठेही हरकत घेत नाही. प्रत्यक्षात हे अशक्य आहे, कारण भारती चौथ्यावर असताना चेतन दुसऱ्यावरच लागतो. ते कळायला पुन्हा स्क्रीनकडे बघून दुसरी आणि तिसरी अट वाचावी लागते.

मला निर्णय घ्यायला लावला तो याच त्रासाने. वाचलेली, वापरलेली, क्रमांकावर काट मारलेली अट पुन्हा पुन्हा वाचावी लागायची. मान स्क्रीनकडे, मान कागदाकडे, आणि दरवेळी ‘मध्ये दोन’ होते की ‘दोन मजले वर’ होतं याची नव्याने खात्री. मी घड्याळ लावून दोन्ही पद्धती कधी मोजल्या नाहीत, पण पझल सोडून उठल्यावरचा थकवा मला पुरेसा बोलका वाटला. ‘मध्ये’, ‘लगेच वर’, ‘जितके-तितके’ या शब्दांवर उभ्या असलेल्या पझलमध्ये फुलीचा तक्ता अटीचा निम्मा अर्थ टिपतो आणि उरलेला निम्मा डोक्यात ठेवायला लावतो.

आता तेच पझल जागेच्या तक्त्यात. अमोलसाठी तीन केस: केस १ मध्ये तो पहिल्या मजल्यावर, केस २ मध्ये तिसऱ्या, केस ३ मध्ये पाचव्या. त्यांत भारती अनुक्रमे ४, ६, २. दुसरी अट वाचताच मधली केस मेली, कारण सहाव्याच्या वर मजला नाही. तिच्यावर उभी रेघ मारली की झालं, खोडाखोड नाही. तिसऱ्या आणि चौथ्या अटीनंतर कागदावर हे दिसतं:

| मजला | केस १ | केस ३ |
|---|---|---|
| ६ | | चेतन |
| ५ | एकनाथ, शुक्र | अमोल |
| ४ | भारती, मंगळ | |
| ३ | | शुक्र |
| २ | चेतन | भारती, मंगळ |
| १ | अमोल | एकनाथ |

फुलीच्या तक्त्याने हरवलेली साखळी इथे आपोआप जपली गेली. प्रत्येक रकाना म्हणजे एक अख्खी, आपल्यापुरती सुसंगत इमारत आहे. पाचवी अट दिवसांची; केस १ मध्ये एकनाथ शुक्रवारचा, म्हणून दीपा शनिवारची, एवढं बाजूला लिहून पुढे जायचं. सहावी अट आली की बघा: केस १ मध्ये रिकामे मजले ३ आणि ६, शेजारी नाहीत, केस संपली. केस ३ मध्ये ३ आणि ४ रिकामे, म्हणजे दीपा तिसऱ्यावर, फिरोज चौथ्यावर. तिसरा मजला शुक्रवारचा, म्हणून दीपा शुक्रवारी आणि एकनाथ गुरुवारी. उरले सोम, बुध, शनि. सातव्या अटीने फिरोज सोमवारी, चेतन बुधवारी, अमोल शनिवारी. यात आधीची एकही अट दुसऱ्यांदा वाचावी लागली नाही.

जागेच्या तक्त्यातही खोट आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. सुरुवात चुकीच्या अटीपासून केली तर केस भराभर वाढतात. समजा याच पझलमध्ये कोणी सहाव्या अटीने आरंभ केला, तर दीपा-फिरोजच्या जोडीला पाच जागा आहेत, म्हणजे पाच रकाने, आणि त्यातला प्रत्येक अमोलच्या अटीने पुन्हा फुटणार. म्हणून जिच्यात जागांचे पर्याय कमी ती अट आधी. ‘लगेच वर’ची जोडी तोवर कडेला सुटा तुकडा म्हणून लिहून ठेवायची: वर फि, खाली दी, चौकटीत. केस चारच्या पुढे जाऊ लागल्या की मी थांबतो आणि उरलेल्या अटींमध्ये सर्वात घट्ट कोणती ते पुन्हा बघतो.

दुसरी खोट, केस फुटताना आधीचा रकाना उतरवून घ्यावा लागतो आणि त्यात एखादा वार गळतो. ते ओळखायची खूण सोपी आहे. सगळ्या अटींवर काट मारून झाली आणि तरी दोन केस जिवंत असतील, तर बहुधा काहीतरी उतरवायचं राहिलंय किंवा एखादी अट अर्धीच वापरली आहे. दोन विधानं जोडणारा ‘आणि’ आला की दोन अटी समजून दोनदा काट मारायची, म्हणजे अर्धी अट सुटत नाही. नकाराच्या अटींना, जसं ‘दीपा सर्वात वर राहत नाही’, रकान्यात जागा नसते. त्या मजल्याच्या आकड्याशेजारी ‘दी’ लिहून त्यावर आडवी रेघ मारली की पुरतं. सगळे रकाने त्या खुणेच्या नजरेत राहतात.

फुलीचा तक्ता मी पूर्ण सोडलेला नाही. जिथे वर-खाली काहीच नसतं, पाच माणसं, पाच शहरं, पाच बँका, आणि अटी ‘चेतन नाशिकचा नाही, नाशिकचा माणूस क्लार्क नाही’ अशा नकाराच्या, तिथे तोच बरा. जागाच नाहीत तर जागेचा तक्ता कशावर उभा करणार? पण फ्लोअर आणि बॉक्सच्या पझलमध्ये असं क्वचित होतं. शिवाय आकार बघा. माणूस, मजला, वार या तीन गोष्टी असल्या तर फुलीला तीन चौकोन लागतात, सहा जणांसाठी १०८ घरं. त्यात रंग आला की चौकोन सहा होतात आणि घरं २१६. जागेच्या तक्त्यात त्याच रंगासाठी प्रत्येक केसमध्ये एक पट्टी वाढते.

मेन्सच्या काही बॉक्स पझलमध्ये तर एकूण पेट्या किती हेच सांगितलेलं नसतं: ‘काही पेट्या एकावर एक आहेत’. तिथे फुलीचा चौकोन आखायलाच येत नाही, कारण ओळी किती ते माहीत नाही. जागेच्या तक्त्यात आकडे न लिहिता एक उभी रांग सुरू करायची, मध्ये जागा सोडत वर-खाली वाढवायची आणि ‘सर्वात वर’ किंवा ‘खालून तिसरी’ अशी अट आली की त्या टोकाला आडवी रेघ मारून रांग बंद करायची. बॉक्समध्ये ‘वर’ आणि ‘लगेच वर’ यांतला फरक मजल्यांपेक्षा जास्त सुटतो असा माझा अनुभव आहे. नुसत्या ‘वर’साठी मी दोन नावांमध्ये तुटक रेघ काढतो, ‘लगेच वर’साठी चौकट.

मजले आणि वार दोन्ही असतील तर डाव्या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न उरतोच. मी अटी एकदा नजरेखालून घालतो आणि ‘मध्ये’, ‘लगेच’ हे शब्द कशाला जास्त चिकटले आहेत ते बघतो. वरच्या पझलमध्ये सातपैकी पाच अटी मजल्यांच्या होत्या, म्हणून मजले डावीकडे गेले आणि वार नावाशेजारी बसले. ‘चेतन आणि दीपाच्या मध्ये तीन जण जातात’ अशी भाषा जास्त असेल तर सोमवार ते शनिवार डावीकडे लिहा आणि मजल्याचा आकडा नावाशेजारी ठेवा. शीर्षकात मजल्यांचं नाव असलं तरी.