थ्री जेएसवर कॉलेजचा थ्रीडी व्ह्यूअर: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी गाइड सरांना मेल पाठवला, तेव्हा ब्राउझरमध्ये थ्रीडी चित्र काढणाऱ्या `three.js` या जावास्क्रिप्ट लायब्ररीचे डेमो फक्त लॅपटॉपवर बघितले होते. आता प्रोजेक्ट सबमिट झालाय आणि लायब्ररीची ओळख चांगलीच झालीय. यंदा हाच विषय घेणाऱ्यांनी आधी सॉफ्टवेअरकडे नाही, मेलकडे बघावं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

पहिला मेल असा होता: "आदरणीय सर, आमच्या ग्रुपला कॅम्पसचा रिअल-टाइम थ्रीडी व्ह्यूअर करायचा आहे. लिंक उघडली की ब्राउझरमध्येच गेटपासून कोणत्याही विभागापर्यंत चालत गेल्यासारखं फिरता येईल. शहादा, शिरपूर, चोपड्याकडून ॲडमिशनसाठी येणाऱ्या पालकांना घरबसल्या कॉलेज बघता येईल."

सरांचं उत्तर दोन ओळींचं होतं. "रिअल-टाइम म्हणजे किती मिलिसेकंद आणि कोणत्या फोनवर, ते लिही. आणि मॉडेलचा शून्यबिंदू कुठे धरणार, तेही लिही. मग सही करतो."

मग दुसऱ्या मेलमध्ये लिहिलं: ४ जीबी रॅमच्या अँड्रॉइड फोनवर सेकंदाला किमान ३० फ्रेम, म्हणजे एका फ्रेमला ३३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ नाही, आणि हे दहा मिनिटं सलग फिरल्यावरही टिकलं पाहिजे. शून्यबिंदू मेन गेटवर. या दोन वाक्यांवरच पुढचं सगळं काम तोललं गेलं, म्हणून थ्री जेएसलाही त्याच मापाने मोजतो.

आधी शून्यबिंदूचं सांगतो, कारण हा प्रश्न सरांनी का विचारला ते प्रत्यक्ष बघितल्यावरच कळतं. इमारतींच्या कडा आम्ही ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतल्या आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये मीटरमध्ये आणल्या. यूटीएम या मीटरमध्ये जागा मोजायच्या पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडलेले असतात, आणि खान्देश त्यातल्या ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात येतो. तिथे जळगावकडच्या कुठल्याही बिंदूचा उत्तरेकडचा आकडा साधारण २३ लाख मीटर निघतो. ग्राफिक्स चिप हे आकडे ३२ बिटांत ठेवते आणि एवढ्या मोठ्या आकड्यात तिला पाव मीटरपेक्षा बारीक फरक दिसतच नाही. आम्ही मुद्दाम तसंच मॉडेल चढवून बघितलं. लांबून सगळं ठीक दिसत होतं. पण कॅमेरा हळूहळू मेकॅनिकलच्या वर्कशॉपजवळ नेला तर खिडक्यांच्या चौकटी थरथरायला लागल्या आणि बारीक गज एकमेकांत मिसळले. गेटचे आकडे सगळ्या बिंदूंतून वजा करून तेच मॉडेल पुन्हा चढवलं आणि थरथर पूर्ण गेली. ही वजाबाकी, मॉडेल जिथे बनवतो त्या ब्लेंडरमध्ये कडा आणण्याआधीच करायची. ब्राउझरमध्ये मॉडेल नुसतं सरकवून उपयोग नाही, कारण तोवर बारकावा हरवलेला असतो.

आता झाडं. आमच्या कॅम्पसमध्ये गेटपासून लायब्ररीपर्यंत दुतर्फा कडुनिंब आहेत आणि ते नसतील तर कॉलेज ओळखूच येत नाही. मॉडेलमध्ये २४० झाडं होती. प्रत्येकाचं खोड वेगळं आणि पानं वेगळी, म्हणजे फक्त झाडांसाठी प्रोसेसरला एका फ्रेममध्ये ४८० वेळा "हे काढ" असं ग्राफिक्स चिपला सांगावं लागतं. याला ड्रॉ कॉल म्हणतात. लॅपटॉपला काही फरक पडत नाही, स्वस्त फोन मात्र तिथेच अडकतो. हा आकडा `renderer.info.render.calls` मध्ये लगेच दिसतो आणि थ्री जेएसची ही सोय मला फार आवडली. उपाय म्हणजे `InstancedMesh`: एकच झाड, त्याच्या २४० जागा, आणि ४८० ऐवजी फक्त २ कॉल.

पण यात एक मेख आहे. सगळी झाडं एकाच वस्तूत बांधली की थ्री जेएस त्यांना एकच समजतं. कोपऱ्यात एक फांदी दिसत असेल तरी पाठीमागची सगळी झाडंही चिपकडे जातात. म्हणून आम्ही कॅम्पसचे सहा भाग पाडून झाडांचे सहा गट केले. झाडांचे कॉल २ वरून जास्तीत जास्त १२ झाले, पण नजरेबाहेरचे गट गळायला लागले आणि एकूण वेळ कमी झाला. पानांच्या मटेरियलला `transparent` न ठेवता `alphaTest` ०.५ ठेवा. पानांच्या कडा थोड्या कडक दिसतात, पण मागची पानं पुढच्या पानांवर उमटण्याचा प्रकार बंद होतो.

एवढं करूनही मेलमधली "दहा मिनिटं" ही अट फोनला पेलत नव्हती, आणि त्याचं कारण एप्रिलचं ऊन होतं. सकाळी लॅबमध्ये ३० फ्रेम सहज मिळायच्या. दुपारी पार्किंगच्या शेडखाली तोच फोन, तीच लिंक घेऊन उभं राहिलं की काही मिनिटांत फ्रेम १८ वर यायच्या. तापलेला फोन स्वतःला वाचवायला चिपचा वेग उतरवतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि ॲडमिशनची चौकशीही त्याच दिवसांत सुरू होते. तेव्हा हे टाळून चालणारच नव्हतं.

अडतं कुठे हे ओळखायची सोपी युक्ती आहे. चित्राचे पिक्सेल कमी करून बघा. फ्रेम वाढल्या तर चिप पिक्सेल रंगवण्यात दमतेय. काहीच बदललं नाही तर बहुधा ड्रॉ कॉल जास्त आहेत. आमच्याकडे फ्रेम लगेच वाढल्या.

```js
renderer.setPixelRatio(Math.min(window.devicePixelRatio, 1.5));
controls.addEventListener('change', render);
```

आमच्या फोनचा पिक्सेल रेशो २.७५ होता. तो १.५ वर आणला की रंगवायचे पिक्सेल एक तृतीयांशापेक्षाही कमी होतात. इमारतींच्या नावांच्या पाट्या एचटीएमएलमध्ये, `CSS2DRenderer` ने वर ठेवल्यामुळे अक्षरं तशीच स्वच्छ राहिली. दुसरी ओळ त्याहून मोलाची आहे. माणूस थांबून वर्कशॉप बघत असेल तर तेच चित्र सेकंदाला तीस वेळा काढायचं कशाला? कॅमेरा हलला तरच काढायचं. फक्त मॉडेल किंवा टेक्स्चर उशिरा लोड झालं की `render` एकदा हाताने बोलवावं लागतं, नाहीतर स्क्रीन कोरी राहते. यानंतर भर दुपारीही दहा मिनिटं ३० च्या खाली उतरलो नाही. गेटवरच्या काकांना फोन दिला, तर बोटाने रस्ता सरकवत म्हणाले, "हाई आपलंच कॉलेज शे का?"

टेक्स्चरचं थोडक्यात: जेपीजी फाईल कितीही छोटी असो, ४०९६ बाय ४०९६ चं चित्र चिपमध्ये उलगडलं की ६४ एमबी खातं. भिंतींना १०२४ पुरतं.

खटकलेली एकच गोष्ट म्हणजे आवृत्त्यांची धावपळ. जुन्या व्हिडिओत `outputEncoding` असतं, पण आवृत्ती १५२ पासून त्याच्या जागी `outputColorSpace` आलंय. जुना कोड नव्या आवृत्तीवर टाकला की रंग बिघडतात आणि दोष ब्लेंडरचा वाटतो. प्रोजेक्टच्या पहिल्या दिवशी एक आवृत्ती `package.json` मध्ये पक्की करा, तिचा नंबर गाइडना पाठवायच्या मेलमध्येही लिहा, आणि सबमिशनपर्यंत ती बदलू नका.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार.