आई-अप्पांचा यूकेचा व्हिसा: एजंट, वकील की आपणच?

माझी धाकटी बहीण लीड्सला असते. तिच्या बाळंतपणासाठी आई-अप्पांना पाठवायचं होतं, म्हणून 2025 मध्ये यूकेच्या व्हिजिटर व्हिसाच्या मागे लागलो. आम्ही खानापूर तालुक्यातले ऊस लावणारे. पगार नाही, पे-स्लिप नाही. अशा घरांसाठीच हे लिहितोय. नोकरदार माणसाचं गणित वेगळं असतं.

पहिल्यांदा बेळगावातल्या एका एजंटाकडे गेलो. माणशी बारा हजार, व्हिसाची फी वेगळी. ही फी तेव्हा सहा महिन्यांच्या व्हिसाला 127 पाउंड होती आणि नकार आला तर ती परत मिळत नाही. बदल्यात त्याने फॉर्म भरला, कागद अपलोड केले, पुण्याच्या केंद्रात बोटांचे ठसे द्यायची तारीख घेऊन दिली. इंग्रजी फॉर्म बघूनच घाबरणाऱ्याला एवढी मदत मोठीच आहे, हे मान्य.

पण त्याने लॉगिन स्वतःच्या मेलवर केलं. भरलेला फॉर्म मागितला तर "सगळं बरोबर आहे, काळजी करू नका" एवढंच. नकाराचं पत्रही त्याच्याच मेलवर गेलं, ते हातात यायला आठ दिवस लागले. पत्र वाचल्यावर कळलं की अप्पांचं उत्पन्न दरमहा साठ हजार लिहिलंय. खरं तर कारखान्याचं बिल वर्षाला तीन-चार हप्त्यांत येतं, सगळं मिळून साडेतीन लाखांच्या आसपास. स्टेटमेंटमध्ये तेवढंच दिसत होतं. वर "शिल्लक दिसायला हवी" म्हणून त्याच्याच सांगण्यावरून मामांकडून घेऊन भरलेले चार लाख. पैसे आले कुठून याचा कागद नाही, म्हणून अधिकाऱ्याने त्यांवर भरवसा ठेवला नाही. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

खटकलं ते हेच: सही आमची, आणि वर काय लिहिलंय ते आम्हालाच ठाऊक नाही. फॉर्म कोणीही भरला तरी जबाबदारी अर्जदाराची. जाणूनबुजून फसवणूक केली असं ठरलं तर दहा वर्षं दार बंद होऊ शकतं. आमच्यावर तो ठपका नव्हता, नशीब.

मग बहिणीने तिकडच्या एका इमिग्रेशन सॉलिसिटरला विचारलं. दोघांच्या अर्जाचे त्याने लाखाच्या घरात सांगितले. फक्त तासभर सल्ला हवा असेल तर पंधरा हजार. आम्ही तासच घेतला. तो म्हणाला, अशा नकारावर अपील नसतं, नवा अर्जच करा. आधीचा नकार लपवू नका आणि चुकलेल्या आकड्याचा खुलासा स्वतःहून करा. अंगावर फसवणुकीचा ठपका असेल किंवा पूर्वी मुदतीपेक्षा जास्त राहणं झालं असेल, तर मी पूर्ण पैसे देऊन वकीलच गाठेन. आमच्या प्रकरणात त्याला करण्यासारखं तासाभरापलीकडे फारसं नव्हतं.

दुसरा अर्ज मी स्वतः GOV.UK वर भरला. तीन रविवार गेले. उत्पन्न वर्षाचं म्हणून लिहिलं आणि प्रत्येक हप्त्यापुढे कारखान्याची बिलपावती जोडली. मामांचे पैसे आधीच परत केले होते; ते का आले, का गेले, हे पत्रात दोन ओळींत सांगितलं. तिकीट आणि राहण्याचा खर्च बहिणीचा, म्हणून तिच्या पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि तिचं पत्र.

आपल्याकडची खरी मेहनत कानडी कागदांची. शेताचा उतारा कानडीत. त्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि त्यावर भाषांतर अचूक असल्याची हमी, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क हवा. एजंटाने नुसता नोटरीचा शिक्का मारून दिला होता. आम्हाला सगळ्या भाषांतरांचे तीन-साडेतीन हजार पडले. आईच्या जुन्या पासपोर्टवर बेल्गाम, नव्या कागदांवर बेळगावी. 1 नोव्हेंबर 2014 पासून अधिकृत नाव बदललं, ही एक ओळ पत्रात टाकली.

तीन आठवड्यांच्या आतच व्हिसा आला. दुसऱ्या कुणाला वेगळा अनुभव असेल, चांगले एजंटही असतील. ज्याला इंग्रजी अजिबात जमत नाही आणि घरात मदतीला कोणी नाही, त्याने जरूर जावं. मात्र लॉगिन आपल्याच मेलवर करून घ्यावं, आणि फी भरण्याआधी संपूर्ण फॉर्म मागून, उत्पन्नाचा रकाना आणि आधीच्या नकाराचा प्रश्न घरच्या कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावा. तो द्यायला जो एजंट कां-कूं करेल, त्याच्याकडून मी तरी पासपोर्ट परत घेऊन येईन.