पेंडिंग रिपोर्टचं हँडआउट: सात महिने वापरल्यानंतर

आमचं ऑफिस सदाशिव पेठेत, काम टॅक्स कन्सल्टिंगचं. रोज सकाळी साडेआठच्या सुमारास शीटवरून आपोआप पेंडिंग रिपोर्टचा मेल येतो. तो बसवून देणाऱ्यानेच नवीन स्टाफसाठी चार पानांचं हँडआउट दिलं, त्याचे पैसेही वेगळे घेतले. अप्पा बळवंत चौकातून लॅमिनेशन करून आणलं आणि जूनपासून नव्या मुलींना त्यावरच शिकवते आहे.

सप्टेंबरपर्यंत मी याला पाच तारे दिले असते. ‘आज शेवटचा दिवस’, ‘पार्टीकडून कागद बाकी’, ‘सरांच्या सहीसाठी’, ‘नोटिसा’ अशा प्रत्येक भागाखाली काय करायचं ते सरळ मराठीत आहे. तक्रार एकाच रकान्याची आहे. ‘दिवस’.

हँडआउटमध्ये नियम असा: दिवस 3 पर्यंत असतील तर काम चालू समजायचं, 4 ते 7 असतील तर पार्टीला आठवण करून शेरा लिहायचा, 7 च्या वर गेले तर सरांना सांगायचं. पण हे दिवस कुठून मोजलेत, हे चारही पानांत कुठेच नाही.

ऑक्टोबरमध्ये काय झालं ते तारखांसकट सांगते. भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्या पार्टीला 1 तारखेला DRC-01B ही GST ची सूचना आली. ऑगस्टच्या GSTR-1 या विक्रीच्या रिटर्नमध्ये दाखवलेला कर GSTR-3B या कर भरायच्या रिटर्नमध्ये भरलेल्या करापेक्षा जास्त दिसत होता. अशा सूचनेला सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचा GSTR-1 पोर्टल भरू देत नाही. 2 तारखेला गांधी जयंतीची सुट्टी. नव्या मुलीने 3 तारखेला नोंद केली, 4 ला फोन करून शेरा लिहिला. 8 तारखेच्या रिपोर्टात ‘दिवस 4’ दिसले. तिने हँडआउट पाहून पार्टीला आठवण केली आणि लिहिलं, ‘बिल पाठवतो म्हणाले.’ खरं तर मुदत त्याच दिवशी संपत होती. 11 ला सकाळी रिपोर्ट म्हणाला ‘दिवस 3’, म्हणजे काम चालू. त्याच दुपारी GSTR-1 भरायला बसलो तर पोर्टलने अडवलं.

मी आधी त्या मुलीवरच चिडले, आणि ते माझं चुकलं. तिने कागदावरचं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. शीट उघडल्यावर कळलं की दिवस शेवटच्या शेऱ्यापासून मोजले जातात. शेरा लिहिला की आकडा पुन्हा शून्यावर. जितका जास्त पाठपुरावा, तितकं काम ताजं दिसणार!

फरकाचं कारण साधं होतं. जुलैचं एक बिल GSTR-1 मध्ये राहिलं होतं, त्याचा कर मात्र जुलैच्या GSTR-3B मध्ये भरलेला होता, आणि ऑगस्टमध्ये ते बिल दाखवल्यामुळे तफावत आली. संध्याकाळी बिल आलं, तेच कारण निवडून उत्तर भरलं आणि रात्री GSTR-1 गेला. 11 तारीख उलटली असती तर लेट फी तर लागलीच असती, शिवाय पार्टीच्या ग्राहकांना ही बिलं त्या महिन्याच्या GSTR-2B मध्ये, म्हणजे त्यांच्या खरेदीच्या यादीत, दिसली नसती. मग त्यांचे फोन सुरू झाले असते.

त्या रात्री मी याला एक तारा दिला असता. बसवून देणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, “मॅडम, बदल करायचा तर वेगळा चार्ज पडेल.” एका रकान्यासाठी परत पैसे द्यायला मी तयार नव्हते. दुसऱ्या दिवशी स्वतःच रकाना वाढवला:

```
=D2+E2-TODAY()
```

D मध्ये सूचनेची तारीख, ऑफिसात नोंद केल्याची नव्हे. E मध्ये मुदतीचे दिवस: DRC-01B ला 7, बाकी नोटिशींना त्या कागदावर लिहिले असतील तेवढे. उत्तर येतं ते उरलेले दिवस. 2 किंवा कमी उरले की शेरा काहीही असो, सरांना सांगायचं. हे हँडआउटच्या तिसऱ्या पानावर मार्करने लिहून ठेवलंय. नव्या मुलींना आणखी एक खूण दाखवते: काल 4 असलेला आकडा आज 1 झाला आणि काम संपलेलं नाही, तर फक्त शेरा पडलाय.

आता सात महिन्यांनी मत पुन्हा थोडं बदललंय. ‘पार्टीकडून कागद बाकी’ या भागाचं पान खरोखर चांगलं आहे. “कागद पाठवा” असं मोघम न सांगता कोणत्या महिन्याचं कोणतं बिल हवं ते नंबरासकट मागायचं, एवढं त्यात शिकवलंय आणि त्याने आमचे फोन निम्म्यावर आले. म्हणून तीन तारे.

चौथा देत नाही, कारण मेल आलाच नाही तर काय करायचं याची एक ओळही त्यात नाही. डिसेंबरमध्ये एक दिवस मेल आला नाही आणि मुलींना वाटलं, आज काहीच बाकी नाही. आता साडेनऊपर्यंत मेल दिसला नाही तर शीट उघडून बघायची, हेही मार्करनेच लिहिलंय. लॅमिनेशनवर मार्कर पुसला जातो, त्यामुळे दर सोमवारी पुन्हा लिहावं लागतं.