‘प्रिंट’मधून पीडीएफ : आठ महिन्यांनंतर, आत्याच्या फाइलसकट

माझी आत्या इंदुरातच राहते. वय चौऱ्याहत्तर. मोबाइलवर वाचायचं म्हटलं की तिचं डोकं दुखतं. दर शनिवारी तिच्याकडे सहा-सात जणी जमतात, एकजण मोठ्यानं वाचते, बाकीच्या मधेमधे बोलतात. नेटवर कुणाला चांगला मराठी लेख सापडला की तो कागदावर उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घेतलं नाही. क्रोम ब्राउझरमध्ये Ctrl+P दाबायचं, प्रिंटरच्या जागी Save as PDF निवडायचं आणि फाइल पेनड्राइव्हवर घालून राजवाड्याजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे न्यायची. आठ महिन्यांत साठेक लेख झाले असतील. सोय फुकटची आहे आणि चांगलीही आहे, पण पहिला महिना तिनं मला बराच छळलं.

पहिलाच लेख घ्या. पानं कमी लागावीत म्हणून मी Margins मध्ये None केलं. पडद्यावर फाइल झकास दिसत होती. दुकानातून कागद हातात आले तेव्हा ओळीच्या सुरुवातीचं ‘विहीर’ हे ‘वहीर’ झालं होतं, आणि खाली ‘दिवा’चा ‘दवा’. पहिल्या अक्षराची ऱ्हस्व वेलांटी म्हणजे ओळीतली सगळ्यात डावीकडची रेघ, त्यामुळे कापलं जायचं ते आधी तिथेच. आत्या म्हणाली, “अरे, दिव्याला दवा कोण देतंय?” त्या शनिवारी लेख बाजूला राहिला आणि ‘दवा’च गाजला.

कारण शोधायला दोन दिवस गेले. माझ्या लॅपटॉपची भाषा अमेरिकी इंग्रजी, त्यामुळे Paper size आपोआप Letter होता. लेटर कागद 216 गुणिले 279 मिलिमीटरचा. आपल्या दुकानांत मिळतो तो ए-फोर, 210 गुणिले 297. म्हणजे लेटर सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर बुटका. दुकानदारानं ‘अॅक्चुअल साइज’वर छापलं, त्यामुळे दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर कागदाबाहेर गेले. त्यात समास शून्य, मजकूर कडेपासून जेमतेम दोन मिलिमीटर आत. शिवाय बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापतच नाहीत, काही मिलिमीटर कोरे सोडतात. त्यानं ‘फिट’ निवडलं असतं तर सगळं थोडं लहान होऊन आत बसलं असतं, पण दुकानदार घाईत असतो आणि दर वेळी त्याला सांगायला आपण तिथे उभे नसतो. फाइलच बरोबर करून नेलेली बरी.

म्हणून आता More settings उघडून आधी Paper size मध्ये A4 बघतो, मग बाकीचं. एकदा निवडलं की क्रोम ते लक्षात ठेवतो, तरी नजर टाकतोच. तयार फाइलची खात्री करायची तर ती क्रोममध्येच उघडून तीन ठिपक्यांच्या मेनूत Document properties बघायचं; तिथे पानाचं माप लिहिलेलं असतं. लिनक्सवाल्यांना हे पुरेल:

```
pdfinfo lekh.pdf
```

Page size पुढे 595 गुणिले 842च्या आसपास आकडे दिसले तर ए-फोर, 612 गुणिले 792 दिसले तर लेटर.

समासाचा धडा फाइल लावताना मिळाला. आत्या कागद पंच करून दोरीच्या फाइलीत लावते. नेहमीच्या दोन भोकांच्या पंचमध्ये भोकाचा मध्य कडेपासून बारा मिलिमीटरवर येतो आणि क्रोमचा Default समास साधारण एक सेंटिमीटरचा. म्हणजे भोक थेट पहिल्या अक्षरात. मग मी Margins मध्ये Custom घेतलं. असं केलं की प्रिव्ह्यूवर चार रेघा येतात. त्या ओढता येतात किंवा शेजारच्या चौकटीत आकडा टाइप करता येतो. माझ्याकडे त्या चौकटींत इंच दिसतात, म्हणून डावीकडे 1, म्हणजे सुमारे पंचवीस मिलिमीटर, आणि बाकी तीन बाजूंना 0.6 ठेवतो. भोकाच्या मध्यापासून मजकूर सव्वा सेंटिमीटर लांब राहतो.

पण कागद वाचवायला दोन्ही बाजूंनी छापायचं ठरलं तेव्हा गाडी अडली. मागच्या पानावर भोकं उजवीकडे येतात आणि क्रोमला सम-विषम पानांना वेगवेगळा समास देता येत नाही. वर्ड किंवा लिबरऑफिसच्या रायटरमध्ये आरशासारखा समास मिळतो, इथे नाही. तोडगा म्हणून डावी-उजवी दोन्हीकडे 0.8 इंच ठेवतो. ओळ थोडी आखूड होते, पण मोठ्यानं वाचणारीला आखूड ओळ सोपीच पडते.

अक्षर मोठं करायला Scale मध्ये Custom घेऊन 130 टाकतो. यानं मजकूर कागदाबाहेर जात नाही, ओळी नव्यानं मोडतात. सहा पानांचा लेख नऊ-दहा पानांवर जातो. हे फाइल करण्याआधीच ठरवावं लागतं. पीडीएफ झाल्यावर मोठं करायला गेलं तर ओळी मोडत नाहीत, पान मोठं होतं आणि कडा कापल्या जातात.

साइटवर डोक्यावर चिकटून राहणारी पट्टी असेल तर ती प्रत्येक पानावर पुन्हा छापली जाऊ शकते आणि खालची एखादी ओळ गिळते. अशा वेळी मी फायरफॉक्समध्ये जातो. तिथल्या प्रिंट खिडकीत Format खाली Simplified असतं, त्यानं जाहिराती आणि पट्ट्या जाऊन लेख उरतो. हा पर्याय सगळ्या पानांवर मिळत नाही, बहुधा लेखासारख्या पानांवरच मिळतो. चित्रं असतील तर आधी शेवटपर्यंत स्क्रोल करून घ्यावं, नाहीतर न उघडलेल्या चित्रांच्या जागी कोऱ्या चौकटी येतात. लेखाखालच्या प्रतिक्रिया नको असतील तर Pages मध्ये 1-7 असं लिहिलं की झालं.

Headers and footers बद्दल माझं मत दोनदा बदललं. वाचायच्या प्रतीत ते बंदच हवं. मराठी पत्ता असला तर तळाला टक्के-चिन्हांची लांबच लांब रांग येते, कारण देवनागरीचं एकेक चिन्ह पत्त्यात नऊ अक्षरांचं होतं. स्वतःच्या संग्रहासाठी मात्र ते चालू ठेवतो. वर तारीख आणि शीर्षक, खाली पत्ता. सहा महिन्यांनी लेख साइटवरून गायब झाला तर निदान कुठला होता ते कळतं. समास None असेल तर हा मजकूर मावायला जागाच नसते.

विंडोजच्या यादीत Microsoft Print to PDF नावाचाही एक प्रिंटर दिसतो. मी सुरुवातीला दोन्ही एकच समजत होतो. त्यातून केलेल्या फाइलीत लिंक दाबल्या जात नाहीत, Save as PDF मध्ये दाबल्या जातात. वर्डमधल्या कागदांना तो ठीक, वेबपानासाठी मी वापरत नाही.

एक तक्रार उरलीच आहे. पीडीएफमधून मराठी ओळ कॉपी केली की वेलांट्या कधी कधी इकडच्या तिकडे उड्या मारतात आणि जोडाक्षरं फुटतात. शोधायला गेलं तरी शब्द सापडत नाही. म्हणून फाइलचं नाव मी नीट देतो: वर्ष, लेखक, विषय.

परवा झेरॉक्सवाला फाइल बघून म्हणाला, “भैया, आपकी फाइल में तो कुछ करना ही नहीं पड़ता.” आत्याची पहिली फाइल भरली आहे. ‘दवा’ची ती पानं तिनं फेकली नाहीत, सगळ्यात वर लावली आहेत.