टोकन बोर्ड की बारकोड?

भोसरीतल्या एका मित्राच्या मशीन शॉपमध्ये दीडेकशे मापन उपकरणं आहेत. टूल क्रिबला, म्हणजे उपकरणं देण्याघेण्याच्या खोलीला, टोकन बोर्ड ठेवावा की बारकोडचं सॉफ्टवेअर घ्यावं, यावर त्याचं अडलंय.

परत आलं की नाही, हे कळायला टोकनला तोड नाही. ऑपरेटर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला देतो, तो मायक्रोमीटरच्या रिकाम्या खुंटीवर लागतो. शिफ्ट सुटताना बोर्डकडे नजर टाकली की कोणाकडे काय राहिलंय ते दिसतं. बारकोडमध्ये गर्दीच्या वेळी एक स्कॅन राहिलं, तरी नोंद खोटी ठरते.

खरी अडचण कॅलिब्रेशनची, म्हणजे उपकरण बरोबर मोजतंय का याच्या ठरावीक मुदतीच्या तपासणीची. समजा, मायक्रोमीटरची मुदत १० तारखेला संपते आणि तो ८ तारखेला बाहेर गेला. बोर्डावर बिल्ला व्यवस्थित आहे, पण १२ तारखेलाही त्याच्यावर जॉब मोजले जातायत. पुढे त्यात चूक निघाली, तर मागच्या कॅलिब्रेशनपासून त्याने मोजलेला सगळा माल संशयात येतो. कोणता माल, हे शोधायला इश्यूची नोंद लागतेच. बिल्ला काढला की तो पुरावा गेला. सॉफ्टवेअर मुदत संपलेलं उपकरण इश्यूच करू देत नाही आणि बाहेर असलेल्याची आठवणही देतं, अर्थात तसं सेट केलं असेल तर.

खर्चात बोर्ड स्वस्त, यात वाद नाही.

एक शिफ्ट, एक स्टोअरकीपर आणि पन्नासेक उपकरणं असतील, तर बोर्ड, इश्यू रजिस्टर आणि दर महिन्याला वेगळ्या रंगाचे मुदतीचे स्टिकर पुरतात. तीन शिफ्ट आणि ग्राहकाचं ऑडिट असेल, तर बारकोड घ्या. मित्राकडे तीन शिफ्ट आहेत. त्याने बारकोडच घ्यावा, पण बोर्डही काढू नये.