शूटर आणि फॅक्टोरिओ एकाच पीसीवर: 7700X घ्यावा की 7800X3D?

भाचा व्हॅलोरंट हा शूटर खेळतो, मी कारखाना उभारायचा फॅक्टोरिओ. दोघांत मिळून एक पीसी घ्यायचं ठरलं आणि पहिल्याच संध्याकाळी वाद झाला. "मामा, तुझ्या गेममध्ये तर नुसते पट्टे फिरतात. माझ्या गेमला प्रोसेसर लागतो," हे त्याचं म्हणणं. पट्टेच फिरतात हे खरं, पण चाळीस तासांनंतर ते लाखांच्या हिशोबात फिरतात आणि नजरेआड गेले म्हणून थांबत नाहीत. आमच्यासारखी निवड ज्यांच्यापुढे आहे त्यांच्यासाठी हा आढावा.

समोर दोन प्रोसेसर होते: रायझन 7 7700X आणि रायझन 7 7800X3D. तुलनेला ही जोडी फार सोयीची आहे, कारण पिढी एकच (झेन 4), दोन्हीकडे 8 कोअर आणि मदरबोर्डही तोच चालतो. फरक मुख्यतः दोन गोष्टींचा. 7700X चा वेग 5.4 गिगाहर्ट्झपर्यंत जातो, 7800X3D चा 5.0 पर्यंत. मात्र एल3 कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली हाताशी असलेली झटपट मेमरी, 7700X कडे 32 मेगाबाइट, तर 7800X3D कडे 96. म्हणजे एक पळायला जरा चपळ, दुसऱ्याचा ओटा तिप्पट मोठा.

आधी भाच्याची बाजू. व्हॅलोरंटमध्ये दहा खेळाडू असतात, नकाशा ठरलेला असतो आणि फेरी संपली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. पंचविसाव्या मिनिटाला प्रोसेसरवर जो भार असतो तो दुसऱ्या मिनिटाच्या भारापेक्षा फारसा वेगळा नसतो. खेळाडू कुठे आहेत, गोळी कुठे लागली, कोणत्या वस्तू दिसताहेत हे काढायचं आणि चित्र रंगवण्याचा हुकूम ग्राफिक्स कार्डाला द्यायचा; भिंतीमागचं बरंचसं वगळता येतं. 240 हर्ट्झच्या पडद्यासाठी हे सगळं 4.17 मिलीसेकंदांत उरकावं लागतं. मुदत कडक, पण काम आटोपशीर. मुदत हुकली तर एखादी फ्रेम उशिरा येते आणि हाताला हिसका जाणवतो. म्हणून शूटर पारखताना सरासरी एफपीएसपेक्षा सर्वांत वाईट 1 टक्का फ्रेमचा आकडा पाहतात. मुख्य म्हणजे इथे प्रोसेसर एकदा पुरेसा ठरला की पुरेसाच राहतो. गेमच्या एखाद्या अपडेटने गणित बदललं तर गोष्ट वेगळी.

फॅक्टोरिओत मुदत ऐसपैस आहे. जग सेकंदाला 60 वेळा पुढे सरकतं, म्हणजे प्रत्येक पावलाला 16.67 मिलीसेकंद. या वेगाला यूपीएस म्हणतात (वीज गेल्यावर पीसी जिवंत ठेवणाऱ्या डब्याशी याचा संबंध नाही). पण काम दर तासाला वाढत जातं, कारण ते तुम्हीच वाढवत असता. दूरच्या खाणीतला प्रत्येक यांत्रिक हात, प्रत्येक भट्टी, प्रत्येक रोबो पडद्यावर नसतानाही चालू असतो. गेम हुशार आहे, रिकामा बसलेला हात तो झोपवून ठेवतो, पण भरात असलेल्या कारखान्यात झोपायला सवड कोणाला? आणि 16.67 ची मुदत हुकली की फ्रेम गाळून वेळ सावरता येत नाही. जगाचं घड्याळच मंदावतं. पट्टे, गाड्या, रोबो सगळे सारख्याच प्रमाणात हळू होतात. म्हणूनच ही मंदी कितीतरी दिवस लक्षातच येत नाही.

मग बारा किंवा सोळा कोअरचा प्रोसेसर घेऊन काम वाटून का टाकू नये? कारण बरंच काम एकमेकांत गुंतलेलं असतं. हाताने पट्ट्यावरून लोखंडाची पट्टी उचलली की नाही हे ठरल्याशिवाय पुढच्या हाताला ती मिळेल का ते ठरत नाही. शिवाय फॅक्टोरिओत अनेक जण एकत्र खेळतात तेव्हा प्रत्येकाचा पीसी तेच जग स्वतः चालवतो आणि उत्तर तंतोतंत जुळावं लागतं, त्यामुळे क्रम मोडून चालत नाही. काही कामं वाटली जातात, पण मुख्य साखळी एका कोअरवरच खोळंबते. म्हणून टास्क मॅनेजर पाहून फसू नका. 8 कोअर म्हणजे 16 थ्रेड, आणि एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापर दिसतो 6.25 टक्के. "सीपीयू तर पंधरा टक्क्यांवर आहे" म्हणत लोक ग्राफिक्स कार्ड बदलून मोकळे होतात. 12 कोअरचा 7900X इथे आणखी एका कारणाने मागे पडतो. त्याची 64 मेगाबाइट कॅश दोन चिपलेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या दोन वेगळ्या तुकड्यांत, 32-32 अशी विभागलेली आहे, आणि एका साखळीच्या कामाला मुख्यतः आपल्याच बाजूचे 32 कामी येतात.

आता कॅशचं महत्त्व. हजारो यंत्रांची माहिती मेमरीत विखुरलेली असते आणि प्रोसेसर एकेक उघडून पाहत जातो. हवी ती माहिती एल3 मध्ये सापडली तर साधारण 10 नॅनोसेकंद, रॅमपर्यंत जावं लागलं तर ढोबळमानाने 80. एकामागून एक वाट पाहत गेलं तर 16.67 मिलीसेकंदांत रॅमच्या सुमारे दोन लाख आठ हजार फेऱ्या होतात आणि कॅशच्या साडेसोळा लाखांहून अधिक. प्रत्यक्षात प्रोसेसर पुढचं आधीच मागवून ठेवतो, त्यामुळे फरक इतका उघडावाघडा राहत नाही. पण 5 गिगाहर्ट्झवर 80 नॅनोसेकंद म्हणजे 400 ठोके नुसतं थांबणं. तेव्हा 5.4 आणि 5.0 मधल्या फरकाचं फारसं कौतुक उरत नाही.

इथवर वाचून 7800X3D कडे हात जातो. माझाही गेला होता. पण चाचण्यांच्या व्हिडिओंमधला एक खड्डा दाखवायला हवा. त्यांत बहुधा मध्यम आकाराचा कारखाना घेतलेला असतो, जो 96 मेगाबाइटमध्ये बराचसा मावतो आणि 32 मध्ये मावत नाही. मग X3D चा आकडा डोळे दिपवतो, कित्येकदा शेकडो यूपीएस. पण गेम चालणार 60 वरच, म्हणजे त्या आकाराला दोन्ही प्रोसेसर पुरेसे होते. जिथे खरंच दम लागतो, त्या महाकाय कारखान्याची माहिती 96 मध्येही मावत नाही. तिथे दोघेही रॅमकडे धावतात आणि अंतर बरंच कमी होतं. फायदा नाहीसा होत नाही, पण आलेखाइतका राहत नाही. अशा वेळी रॅमचा वेग महत्त्वाचा ठरतो. 6000 ची डीडीआर5 आणून बायोसमध्ये रॅमला तिचा पूर्ण वेग देणारी एक्स्पो ही सेटिंग चालू करायला विसरलात तर ती 4800 सारख्या कमी वेगाने निमूट चालत राहील, आणि शिव्या प्रोसेसर खाईल.

म्हणून दुसऱ्याचा आलेख बाजूला ठेवा आणि आपली सेव्ह मोजा. फॅक्टोरिओत ही सोय आतच आहे:

```
factorio.exe --benchmark "सेव्हचा पूर्ण पत्ता.zip" --benchmark-ticks 1000 --benchmark-runs 3
```

चित्र न काढता जग हजार पावलं पुढे सरकतं आणि शेवटी `avg` पुढे एका पावलाचे मिलीसेकंद येतात. समजा, आकडा आला 21.4. हजाराला त्याने भागलं की 46.7 यूपीएस, म्हणजे गेममधल्या एका तासाला घड्याळाची 77 मिनिटं. पुन्हा 60 गाठायचे तर 21.4 भागिले 16.67, म्हणजे आताच्यापेक्षा 28 टक्के वेगवान प्रोसेसर हवा. एवढ्यावर थांबू नका, जुन्या सेव्हही मोजा. समजा विसाव्या तासाला 4 होते, चाळिसाव्याला 9 आणि साठाव्याला 21.4. मग दिसतं की वीस तासांत भार दुपटीहून अधिक होतोय, आणि 28 टक्क्यांची खरेदी फक्त आजची मंदी भरून काढेल, कारखाना वाढला की ती परत येईल. भाच्याच्या आणि माझ्या गरजेतला खरा फरक हा. त्याच्यासाठी वेगवान प्रोसेसर कायमचा फायदा, माझ्यासाठी फक्त पुढे ढकललेली तारीख.

बाकीच्या गेममध्ये मोजमाप घड्याळावर करावं लागतं. अंतराळात साम्राज्य वाढवायच्या स्टेलॅरिसमध्ये वर्ष 360 दिवसांचं. सर्वांत जलद वेगावर एक वर्ष किती सेकंदांत सरतं ते गेममधल्या 2220 मध्ये लिहून ठेवा आणि 2400 मध्ये पुन्हा पाहा. तिथे एफपीएस ठीक दिसूनही दिवस रेंगाळतात, म्हणून कोपऱ्यातला एफपीएस काहीच सांगत नाही. रहिवाशांची संख्या हे तिथलं जुनं दुखणं. 2021 च्या 3.0 आवृत्तीत त्यांची वाढच मंद करावी लागली होती. सिव्हिलायझेशन 6 मध्ये "पुढची खेळी" दाबल्यापासून आपली पाळी परत येईपर्यंतचे सेकंद मोजायचे. सिटीज: स्कायलाइन्स 2 मात्र अपवाद आहे, तो काम अनेक कोअरवर बऱ्यापैकी पसरतो. मुख्य ओढ त्याची असेल तर जास्त कोअरचा विचार जरूर करा.

मंदी खरोखर जगाच्या आकाराने आली का, हेही पाहायला हवं. स्टेलॅरिस थांबवून ठेवल्यावरही चित्र अडखळत असेल तर दोष ग्राफिक्सकडे. ठरावीक मिनिटांनी एकच हिसका बसत असेल तर तो बहुधा ऑटोसेव्ह. गेम बंद करून तीच सेव्ह उघडल्यावर वेग परत आला तर बहुधा मेमरी गळतेय. प्रोसेसर बदलून ती थांबणार नाही. लॅपटॉपवाल्यांनी एक जास्तीची चाचणी करावी: तीच सेव्ह सकाळी थंड यंत्रावर आणि मे महिन्यातल्या दुपारी तासभर खेळल्यावर. आकडे वेगळे आले तर प्रोसेसर उष्णतेने दबतोय. मॉड लावले असतील तर फॅक्टोरिओत F4 दाबून `show-time-usage` चालू करा, वेळ कशात जातो ते दिसतं.

एवढं झाल्यावर माझा कौल असा. शूटरच मुख्य आणि पडदा 144 हर्ट्झचा, तर 7700X घ्या आणि उरलेले पैसे पडद्यात किंवा ग्राफिक्स कार्डात घाला. 240 च्या वर जायचं असेल तर X3D ची सर्वांत वाईट 1 टक्का फ्रेमवरची पकड कामाला येते. फॅक्टोरिओ मध्यम ते मोठ्या आकारात संपवून नवा नकाशा सुरू करत असाल तर 7800X3D बिनधास्त. एकच महाकाय कारखाना वर्षानुवर्षं वाढवत असाल तर आधी आपली सेव्ह 7800X3D वाल्या कुणा ओळखीच्याला पाठवा आणि वरची ओळ चालवायला सांगा. गेमची आवृत्ती आणि मॉड तेच असतील तर दोन्हीकडे काम अगदी तेच होतं, त्यामुळे ही तुलना कुठल्याही आलेखापेक्षा खरी. तिकडून 13 आला तर पैसे सत्कारणी. 16 आला तर खरेदी झाल्यापासून थोड्याच दिवसांत पुन्हा मंदी.

भाच्याचा पडदा अजून 60 हर्ट्झचाच आहे, हे मला वाद संपल्यावर कळलं.