«मराठी येतं का?» या मेसेजला उत्तर देताना: व्हॉट्सॲप बिझनेसचे आठ महिने

घरी पाचवी ते आठवीच्या शिकवण्या घेते. जूनमध्ये साधं व्हॉट्सॲप सोडून बिझनेसवालं घेतलं, ते पहिल्या मेसेजला आपोआप उत्तर जावं म्हणून. पालकांचा पहिला मेसेज बहुतेक वेळा एकाच ओळीचा असतो, «मराठी येतं का?» नाहीतर «होमवर्क करून देता का?» नाव नाही, इयत्ता नाही.

सुरुवातीला स्वागत संदेशात वेळा, फी, पत्ता, विषय असं सगळं कोंबलं होतं. त्यामुळे मराठी येतं का विचारणाऱ्याला फीचा तक्ता जायचा. बरेच जण तिथूनच गप्प झाले. चूक माझीच, कारण हा संदेश प्रश्न न वाचताच जातो. आता तिथे एवढंच ठेवलंय: «नमस्कार, मेसेज मिळाला. थोड्या वेळात स्वतः लिहिते.»

खरं उत्तर द्रुत उत्तरांत साठवलंय. `/marathi` टाइप केलं की पुढे येतं: «हो, मराठीतच शिकवते. मूल कितवीत आहे आणि शाळा मराठी, सेमी की इंग्रजी माध्यमाची?» हा प्रश्न जोडावाच लागतो, कारण «मराठी येतं का» म्हणणाऱ्या सगळ्यांना एकच गोष्ट हवी नसते. कुणाला सीबीएसईच्या मुलासाठी मराठी हा विषय हवा असतो, कुणाला फक्त माझ्याशी मराठीत बोलता येईल ना एवढंच बघायचं असतं. ऑगस्टमध्ये एका आईंनी असंच विचारलं. मी मराठी व्याकरणाची तयारी करून बसले आणि निघालं भलतंच: मुलगा सातवीला, सेमीत, गणित इंग्रजीतून, आणि घरी कुणाला principal म्हणजे मुद्दल हे ठाऊक नव्हतं. त्यांना इंग्रजी गणित मराठीतून समजावून हवं होतं.

गृहपाठाचं उत्तर जरा अवघड. नुसतं «हो» म्हटलं की रात्री साडेनऊला वहीचे सहा फोटो येतात. नुसतं «नाही» म्हटलं तर माणूस जातो. मी लिहिते: «करून देत नाही, करवून घेते. अडलेल्या एका गणिताचा फोटो पाठवा, मुलानं जेवढं केलंय तेवढ्यासकट.» त्याच मुलाचा फोटो आला: ५००० रुपये, दर १०, मुदत २ वर्षं, सरळव्याज काढा. उत्तर ६०००. आकडेमोड बरोबर होती, फक्त व्याज १००० काढून ते मुद्दलात मिळवलं होतं. म्हणजे त्यानं व्याजाऐवजी रास लिहिली. मी एवढंच विचारलं, «बँक वरचे किती देते?» दोन मिनिटांत दुरुस्त वही आली. त्या आईंनी फी त्यानंतर विचारली.

एक सेटिंग मात्र आधी बघा. चौदा दिवस बोलणं झालं नसेल तर स्वागत संदेश पुन्हा जातो. दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या जुन्या पालकांनाही «नमस्कार, मेसेज मिळाला» गेलं, आणि एका आजोबांनी विचारलं, «अहो बाई, ओळखलं नाहीत का?» आता तो फक्त फोनमध्ये नंबर नसलेल्यांनाच जाईल असं ठेवलंय.